धागा: शाखानिहाय मासिक गुणांचा हीट मॅप – आकडा तोच असताना रंग का बदलतो?

हिशेबवही (लातूर)
नमस्कार. मी एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात सांख्यिकीचे काम पाहते. आमच्या शाखा लातूर, परभणी, नांदेड आणि हिंगोली या जिल्ह्यांत आहेत. प्रत्येक शाखेच्या दरमहाच्या कर्जवसुलीला आम्ही गुण देतो. त्या महिन्याच्या मागणीपैकी शेकडा किती वसूल झाले, तेवढे गुण, अशी सरळ पद्धत आहे. ओळींत शाखा आणि स्तंभांत एप्रिलपासूनचे महिने मांडून एक्सेलमध्ये लाल-पिवळा-हिरवा असा हीट मॅप तयार करते आणि तो मासिक सभेत संचालक मंडळापुढे ठेवते.

अडचण अशी आली. सप्टेंबरअखेरच्या तक्त्यात सेलू शाखेचा ऑगस्टचा आकडा ६२ होता आणि तो रकाना गडद लाल दिसत होता. ऑक्टोबरचा स्तंभ जोडल्यावर तोच ऑगस्टचा रकाना फिकट नारिंगी झाला. आकडा अजूनही ६२ आहे आणि मी त्याला हात लावलेला नाही. सभेत एका संचालकांनी दोन्ही महिन्यांच्या प्रती शेजारी ठेवून "सेलूने सुधारणा केलेली दिसते" असे म्हटले, आणि सेलूचे शाखाधिकारीच गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. मला तिथे उत्तर देता आले नाही. असे का झाले आणि पुढच्या सभेपूर्वी काय दुरुस्त करावे, हे कृपया सांगावे.

ऑक्टोबरात आमची गंगाखेडची नवी शाखा तक्त्यात आली, त्यामुळे एक ओळ वाढली आहे. याचा संबंध असेल तर माहीत नाही.

मोंढा_रोड (जालना)
ताई, हा प्रकार मीही पाहिला आहे. एक्सेल आपल्या मनाने खालची आणि वरची मर्यादा ठरवते, म्हणून रंग हलतात. नियम उघडून मर्यादा आपण स्वतः द्यायच्या. `Type` मध्ये `Percent` निवडा आणि खाली ६०, मध्ये ७५, वर ९० असे लिहा. तुमचे गुण टक्केवारीतच आहेत, तेव्हा हे बरोबर बसेल.

प्रा_कंधार
आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातही नेमकी हीच अडचण आहे, म्हणून लिहितो. कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तीन शाखांच्या मासिक चाचण्यांचे गुण मी एकाच तक्त्यात रंगवतो. जुलैची चाचणी २५ गुणांची आणि ऑक्टोबरची ५० गुणांची असते. जुलैचा अख्खा स्तंभ लाल दिसतो आणि पालकांना वाटते की जुलैत सगळा वर्गच नापास झाला. आपणही सर्व महिन्यांच्या चाचण्या समान गुणांच्या ठेवल्यात तर प्रश्न सुटेल, असे मला वाटते.

हिशेबवही (लातूर)
सर, आमच्या शाखा म्हणजे गावोगावची कार्यालये, अभ्यासक्रमाच्या शाखा नव्हेत. आमचे सर्व गुण शेकड्यातच असल्यामुळे ती अडचण इथे नाही, पण आपला अनुभव वाचून आनंद झाला.

गोदातीर (नांदेड)
सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाच्या निमित्ताने असे तक्ते मी अनेक वर्षे पाहत आलो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी कारण समजून घेऊ.

एक्सेलचा तयार लाल-पिवळा-हिरवा पट्टा वापरला की तीन टेकू आपोआप ठरतात. निवडलेल्या रकान्यांतील सर्वांत लहान आकडा पूर्ण लाल होतो, सर्वांत मोठा पूर्ण हिरवा होतो, आणि सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर जो बरोबर मध्ये येतो तो पिवळा होतो. म्हणजे रंग शाखेची कामगिरी चांगली की वाईट हे सांगत नाही. त्या दिवशी तक्त्यात जे इतर आकडे होते, त्यांच्यात या आकड्याचे स्थान कोठे आहे, एवढेच तो सांगतो. सगळ्या शाखा ९० च्या वर असल्या तरी त्यांतली ९१ ची शाखा गडद लाल दिसेल, आणि सगळ्या ४० च्या खाली असल्या तरी कोणीतरी गडद हिरवी दिसेलच.

आता सेलूचे पाहू. सप्टेंबरअखेर आपल्या तक्त्यात ६२ हा सर्वांत लहान आकडा असावा, म्हणून तो पूर्ण लाल होता. ऑक्टोबरात एखादा त्याहून बराच लहान आकडा आला असेल तर लाल टोक तिकडे सरकले आणि ६२ मध्याच्या जवळ ओढला गेला. गंगाखेडचा ऑक्टोबरचा आकडा किती आहे? सर्वांत मोठा आकडा आणि मधला आकडाही कळवा. मधला आकडा काढण्यासाठी `MEDIAN` पुरेसे आहे.

हिशेबवही (लातूर)
आपला अंदाज बरोबर आहे. गंगाखेडचा ऑक्टोबरचा आकडा ३१ आहे. सर्वांत मोठा ९३, उदगीरचा ऑक्टोबरचा. मधला आकडा सप्टेंबरअखेर ७६ होता, आता ७८ आहे. सप्टेंबरअखेर सर्वांत मोठा ८८ होता. गंगाखेडचे एप्रिल ते सप्टेंबरचे रकाने मी कोरे ठेवले आहेत.

गोदातीर (नांदेड)
मग हिशेब जुळतो. आता लाल टोक ३१ वर आणि पिवळा मध्य ७८ वर आहे. दोहोंतील अंतर ४७ आणि ६२ हा ३१ पासून ३१ ने पुढे आहे. म्हणजे लालपासून पिवळ्यापर्यंतच्या वाटेचा सुमारे दोन तृतीयांश भाग सेलूने जागेवर बसूनच पार केला. फिकट नारिंगी रंग तिथूनच आला.

मोंढा_रोड यांनी मर्यादा स्वतः द्यायला सांगितले ते योग्यच आहे, परंतु `Percent` हा प्रकार इथे घेऊ नये. एक्सेलमधील `Percent` ६० याचा अर्थ ६० गुण असा होत नाही. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांमधील अंतराच्या शेकडा ६० एवढे पुढे, असा तो अर्थ आहे. आपल्या तक्त्यात सप्टेंबरला ते स्थान ६२ अधिक २६ चे शेकडा ६०, म्हणजे ७७.६ वर आले असते. ऑक्टोबरला तेच स्थान ३१ अधिक ६२ चे शेकडा ६०, म्हणजे ६८.२ वर आले असते. लिहिलेले ६० तेच राहिले असते आणि सीमा नऊ गुणांहून अधिक सरकली असती. मूळ दुखणे तसेच राहिले असते.

इथे `Number` हा प्रकार हवा. पण कोणते आकडे द्यायचे हे एक्सेल किंवा आपण ठरवू नये. मंडळ कोणत्या आकड्याला समाधान मानते आणि कोणत्या आकड्याखाली शाखेला भेट द्यायला माणूस पाठवते, हे विचारून घ्या. तेच आपले दोन टेकू.

मोंढा_रोड (जालना)
`Percent` चा हा अर्थ मला ठाऊक नव्हता. आमच्या तक्त्यात दर महिन्याला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा जवळपास तेवढेच राहत असल्यामुळे फरक कधी जाणवला नाही. आजच बदलून घेतो.

हिशेबवही (लातूर)
सरव्यवस्थापक साहेबांशी बोलले. ८५ आणि त्यावर समाधानकारक, आणि ६५ च्या खाली गेल्यास वसुली अधिकारी शाखेत जातात, अशी आमच्याकडे रीत आहे. त्याप्रमाणे `Number` निवडून ६५, ७५ आणि ८५ टाकले. आता संपूर्ण तक्ता, अगदी उदगीरच्या ९३ सह, एकसारखा गडद लाल झाला आहे. काय चुकले?

गोदातीर (नांदेड)
आपल्या रकान्यात ६२ असे लिहिलेले आहे, की भागाकाराचे उत्तर आहे आणि ते टक्क्यांच्या रूपात दाखवले आहे? एखाद्या रकान्यावर जाऊन वरच्या सूत्रपट्टीत काय दिसते ते पाहावे.

हिशेबवही (लातूर)
सूत्र आहे. वसुली भागिले मागणी, आणि रकान्याला टक्क्यांचे रूप दिले आहे. टक्क्याचे चिन्ह मी आधी लिहायला हवे होते.

गोदातीर (नांदेड)
तेच कारण. डोळ्यांना ९३ टक्के दिसत असले तरी एक्सेलच्या लेखी तो आकडा ०.९३ आहे आणि ०.९३ हा ६५ पेक्षा फारच लहान आहे. म्हणून सगळे लाल. एक तर सूत्राला १०० ने गुणा, किंवा मर्यादा अपूर्णांकात द्या. मी दुसरे करीन, कारण सूत्र इतर पानांवरही वापरात असेल. `Home` मधून `Conditional Formatting`, त्यात `Manage Rules`, आणि आपला नियम निवडून `Edit Rule`. तिन्ही ठिकाणी `Type` हा `Number` ठेवून असे लिहा:

```
Minimum   0.65
Midpoint  0.75
Maximum   0.85
```

`Manage Rules` च्या त्या खिडकीत आणखी एक गोष्ट पाहून घ्या. दर महिन्याला मागचा स्तंभ उचलून पुढे चिकटवण्याची सवय असेल तर तिथे एकाऐवजी अनेक नियम साठलेले सापडतील, प्रत्येक वेगळ्या तुकड्यावर लागू असलेला. जुना, आपोआप टेकू ठरवणारा नियम एखाद्या तुकड्यावर राहून गेला तर एकाच तक्त्यात दोन मापे होतात, आणि ते डोळ्यांना कळत नाही. सगळे पुसून एकच नियम ठेवा आणि `Applies to` मध्ये मार्चपर्यंतचे रिकामे स्तंभही धरा. पुढे आकडे चिकटवताना फक्त मूल्ये आणि सूत्रे चिकटवताना फक्त सूत्रे चिकटवा, म्हणजे नियम सोबत येणार नाही.

कोऱ्या रकान्यांबद्दलही सांगतो. गंगाखेडचे जुने महिने आपण कोरे ठेवलेत ते उत्तम केले, कारण कोरा रकाना रंगत नाही. बरेच जण तिथे सूत्र ओढतात आणि चूक झाकण्यासाठी शून्य घालतात. मग जी शाखा अस्तित्वातच नव्हती ती सहा महिने गडद लाल दिसते. सूत्र ओढायचेच असेल तर मागणी शून्य असताना रकाना रिकामा दिसेल असे ओढावे:

```
=IF('मागणी'!C5=0,"",'वसुली'!C5/'मागणी'!C5)
```

हिशेबवही (लातूर)
झाले. एकूण चार नियम साठलेले निघाले, त्यांतले तीन पुसले. सेलूचा ऑगस्ट पुन्हा गडद लाल झाला आहे. गंगाखेडचा ३१ ही तितकाच गडद लाल दिसतो. ६२ आणि ३१ यांत एवढे अंतर असताना रंग एकच, हे योग्य आहे का?

गोदातीर (नांदेड)
६५ च्या खाली माणूस पाठवायचा असे आपल्या संस्थेचे ठरले असल्याने, त्या अर्थाने दोन्ही रकाने एकच गोष्ट सांगतात. अंतर आकड्यातून कळते, म्हणूनच रकान्यातील आकडे लपवू नयेत. काही जण तक्ता देखणा व्हावा म्हणून आकडे अदृश्य करतात, ते मला पटत नाही.

परंतु गंगाखेडबाबत मी वेगळाच प्रश्न विचारीन. ऑक्टोबरला तिथे किती खात्यांची मागणी होती?

हिशेबवही (लातूर)
तेरा खाती. चार जणांनी हप्ता भरला. सर्व हप्ते साधारण सारखेच आहेत.

गोदातीर (नांदेड)
म्हणजे एका कर्जदाराने हप्ता भरला किंवा न भरला, तर गुण जवळपास आठने वरखाली होतात. सेलूला बहुधा काही शे खाती असतील आणि तिथे एका खात्याने काहीच हलणार नाही. दोन्ही रकाने सारखेच लाल दाखवणे म्हणजे दोन्ही आकडे सारखेच भरवशाचे मानणे. मी लेखापरीक्षणात अशा शाखेचा रकाना रंगवू देत नाही. खाती ३० च्या वर जाईपर्यंत तो राखाडी ठेवावा आणि आकडा तेवढा लिहावा. ३० हा आकडा काही शास्त्रवचन नाही. आपल्या कामाला सोयीचा तो ठरवा, पण एकदा ठरवला की सर्व शाखांना तोच लावा.

पूर्णाकाठ (परभणी)
मला एक विचारायचे आहे. आमच्या संस्थेत संचालकांना तक्ता काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर दिला जातो. त्यात सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगल्या शाखा एकसारख्या करड्या दिसतात आणि मधल्याच शाखा उजळ दिसतात. मी प्रिंटर बिघडला असे समजून दोनदा शाई बदलली.

गोदातीर (नांदेड)
प्रिंटर ठीक असावा. एक्सेलचा तयार लाल `F8696B` आणि तयार हिरवा `63BE7B` यांची करड्या रंगातील उजळता काढली तर २५५ पैकी साधारण १४८ आणि १५५ येते, म्हणजे कागदावर दोन्ही एकच. पिवळ्याची २२९ च्या आसपास येते, म्हणून मधल्या शाखा उजळ दिसतात. ज्यांना लाल आणि हिरवा वेगळा ओळखू येत नाही अशा माणसांनाही हा तक्ता पडद्यावर वाचायला अवघड जातो, आणि मंडळात असा एखादा सदस्य असला तरी तो सभेत तसे सांगेलच असे नाही.

प्रिंटसाठी तीन रंग सोडून द्या. `2-Color Scale` घेऊन ०.६५ ला मध्यम गडद नारिंगी आणि ०.८५ ला पांढरा द्या. वसुली जितकी कमी तितका रकाना गडद, एवढेच वाचणाऱ्याला सांगावे लागते. फार गडद रंग मात्र घेऊ नका, कारण काळा आकडा त्यात बुडतो.

वसमतकर
सगळी चर्चा वाचली. मी वसमतमध्ये दुसऱ्या एका संस्थेचा शाखाधिकारी आहे आणि मला या रंगांबद्दल मनापासून तक्रार करायची आहे. ठरावीक ६५ आणि ८५ सर्वांना लावणे कागदावर न्याय्य दिसते. पण उदगीर, लातूरकडे सोयाबीन मोंढ्यावर येते ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि तेव्हा कर्जदाराच्या हाती पैसा येतो. आमच्याकडे हळदीचा पैसा मार्चपासून मे-जूनपर्यंत येतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये आमची ओळ हिरवी असते आणि तेव्हा आमचे कौतुक कोणी करत नाही. ऑक्टोबरात सगळ्या शाखा हिरव्या होतात, आम्ही तेवढे पिवळे राहतो, आणि सभेत प्रश्न आम्हाला विचारला जातो. शाखेने चूक काहीच केलेली नसते. पीक वेगळे असते.

मोंढा_रोड (जालना)
मग प्रत्येक शाखेला वेगळी मर्यादा द्यावी. एका स्तंभात शाखेचे उद्दिष्ट लिहायचे आणि रंगपट्टीच्या नियमात त्या रकान्याचा पत्ता द्यायचा.

गोदातीर (नांदेड)
हे सुचणे स्वाभाविक आहे, पण रंगपट्टीच्या नियमात ओळीगणिक सरकणारा पत्ता एक्सेल स्वीकारत नाही. एक ठरावीक रकाना देता येतो, प्रत्येक ओळीचा आपापला नाही. त्यामुळे तुलना आधी सूत्राने करावी लागते आणि रंग त्या उत्तराला द्यावा लागतो.

वसमतकर, तुमची तक्रार योग्य आहे आणि तिच्यासाठी दुसरा तक्ता लागतो. पहिल्या तक्त्यात आपण विचारतो की या महिन्यात माणूस कोठे पाठवायचा, आणि तिथे सर्वांना एकच माप हवे, कारण थकलेला हप्ता हळदीचा असो की सोयाबीनचा, तो थकलेलाच असतो. दुसऱ्या तक्त्यात विचारायचे की ही शाखा स्वतःच्याच मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत कोठे आहे. यंदाच्या ऑक्टोबरातून गतवर्षीचा ऑक्टोबर वजा करा आणि त्या फरकाला रंग द्या. मध्य ०, टोके उणे ०.१५ आणि अधिक ०.१५. शून्याला पांढरा, खाली नारिंगी आणि वर निळा. पहिल्याच तक्त्याचे रंग इथे वापरू नका, नाहीतर लोक दोन्ही तक्ते एकच समजून वाचतात.

पहिल्या तक्त्यात उभा लाल पट्टा दिसला तर तो बहुधा हंगामाचा असतो, आडवा दिसला तर शाखेचा. उभा पट्टा दुसऱ्या तक्त्यात नाहीसा झाला तर हंगामाचा संशय पक्का धरायला हरकत नाही. आडवे पट्टे नीट दिसावेत म्हणून शाखा वर्णानुक्रमे न लावता वर्षाच्या एकूण वसुलीनुसार लावाव्यात. एकूण म्हणजे वर्षाची वसुली भागिले वर्षाची मागणी. बारा महिन्यांच्या टक्क्यांची सरासरी काढली तर कमी मागणीचा महिना जास्त मागणीच्या महिन्याएवढाच मोजला जातो.

प्रा_कंधार
माझा आधीचा प्रतिसाद विषय सोडून होता, पण या चर्चेतून माझे उत्तर मिळाले. मी गुण शेकड्यात आणतो आणि प्रत्येक चाचणीचा स्तंभ वेगळा निवडून त्याला आपोआप ठरणारी रंगपट्टी देतो. कारण मला उद्दिष्ट गाठले का हे विचारायचे नाही. त्या चाचणीत इतरांच्या मागे कोण राहिले, हे पाहायचे आहे. कठीण प्रश्नपत्रिकेने सर्वांचेच गुण उतरले तरी मागे राहिलेले विद्यार्थी दिसतीलच. हे बरोबर आहे ना?

गोदातीर (नांदेड)
अगदी बरोबर. आपल्या प्रश्नाला आपोआप ठरणारे टेकूच योग्य आहेत. पालकांना देताना मात्र रंग फक्त त्या चाचणीपुरता आहे, जुलैच्या हिरव्याची ऑक्टोबरच्या हिरव्याशी तुलना करू नये, असे वरच लिहा.

वसमतकर
दुसऱ्या तक्त्याची कल्पना पटली, तरी एक शंका उरते. ज्या वर्षी सप्टेंबरात अतिवृष्टी होऊन सोयाबीन पाण्यात जाते, त्या वर्षीचा ऑक्टोबर वाईट असतो. त्याच्याशी तुलना केली की पुढच्या वर्षी प्रत्येक शाखा निळी दिसणार, काम केले असो वा नसो. मग तीन वर्षांची सरासरी घ्यावी का? की वाईट वर्ष वगळावे? वगळायचे तर वाईट कोणते हे ठरवणार कोण?

गोदातीर (नांदेड)
मी स्वतः तीन वर्षांतील मधला आकडा घेतो, सरासरी नाही, कारण एक वाईट वर्ष मधल्या आकड्याला फारसे हलवत नाही. पण लागोपाठ दोन वर्षे पिके गेली तर हा उपायही लंगडा पडतो, आणि त्यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. वाईट वर्ष हाताने वगळण्याच्या मी विरुद्ध आहे. सभेत त्यावरच वाद सुरू होतो आणि तक्ता बाजूला राहतो.

मोंढा_रोड (जालना)
मला वगळणेच योग्य वाटते. जिथे शासनाने अतिवृष्टीचे अनुदान दिले तो महिना वगळायचा, असा नियम आधीच लिहून ठेवला तर वादाला जागा राहणार नाही.

हिशेबवही (लातूर)
सर्वांचे आभार. कालच्या सभेत ठरावीक मर्यादांचा पहिला तक्ता ठेवला आणि सेलूचा खुलासा सप्टेंबरच्या जुन्या प्रतीसह केला. गंगाखेडचा रकाना राखाडी ठेवला, त्यावर एका संचालकांनी "लाल लपवता का?" असे विचारले. तेरापैकी चार खाती असे सांगितल्यावर त्यांनी ते मान्य केले, पण तेरा खात्यांची यादी मागून घेतली.

दुसऱ्या तक्त्यासाठी मागच्या वर्षीचे आकडे संगणकात आहेत, त्याआधीच्या दोन्ही वर्षांचे हस्तलिखित वसुली नोंदवहीत आहेत. मधला आकडा काढायचा तर ते भरावे लागतील. आमच्या उदगीर आणि वसमत शाखांपासून सुरुवात करते, कारण त्या दोन ओळींत पिकाचा फरक सर्वांत आधी दिसायला हवा. आकडे भरून झाले की इथेच टाकीन.